हात हलतो, पण कळत नाही

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूला, उन्हाळ्यात बोअर मारायची ठरली की अजूनही बऱ्याच घरांत आधी पाणाड्याला बोलावणं जातं. तो येतो, रानाच्या बांधावरून एक चक्कर मारतो, मग तळहातावर आडवा नारळ घेऊन किंवा कडुलिंबाची दुबेळकी काडी दोन्ही मुठींत धरून सरळ रेषेत चालू लागतो. एका जागी नारळ उभा राहतो, काडी झुकते, आणि तिथं खुंटी ठोकली जाते. काही जणांकडे आता पितळी लोलक असतो. लोलक गरगर फिरला की ‘हाय’, नुसता झुलला की ‘नाही’, आणि किती फुटांवर, किती इंची पाणी लागेल, हेही त्याच लोलकाला विचारून सांगितलं जातं.

या माणसाला थेट लबाड म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. लबाड असतातही, पण त्यांच्यामुळे हा विषय समजत नाही. समजून घ्यायला हवा तो प्रामाणिक पाणाडी, ज्याची मनापासून खात्री असते की नारळ त्याने उभा केलेला नाही. त्याची जाणीव खरी आहे. तरीही नारळ त्यानेच उभा केलेला असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात, हा या लेखाचा प्रश्न आहे. प्लँचेटची वाटी आणि ‘आपोआप’ लिहिणारी पेन्सिल यांचंही उत्तर तेच आहे.

सुरुवात लोलकापासून करू, कारण तो घरी करून पाहता येतो. पंचवीस सेंटिमीटर दोऱ्याला एखादी अंगठी किंवा नट बांधा. कागदावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा काढा, एक उभी आणि एक आडवी. दोरा चिमटीत धरा, कोपर टेबलापासून उचललेलं ठेवा आणि हात अगदी स्थिर ठेवायचा निश्चय करा. मग फक्त मनात आणा की अंगठी उभ्या रेषेवरून झुलते आहे. बहुतेक लोकांच्या हातात अर्ध्या-एका मिनिटात ती तशी झुलू लागते. आडव्या रेषेकडे मन वळवलं की थोड्या वेळाने ती रेषा बदलते. हात हलल्याचं तुम्हाला जाणवत नाही, शेजारी बसलेल्यालाही दिसत नाही.

ते न दिसण्याचं कारण साध्या पदार्थविज्ञानात आहे. पंचवीस सेंटिमीटरच्या लोलकाचा एक पूर्ण झोका जवळपास एका सेकंदाचा असतो. झोपाळ्याला योग्य वेळी नुसतं बोट लावत राहिलं तरी झोका चढत जातो, तसंच इथे होतं. चिमूट झोक्याच्या तालावर अर्धा मिलिमीटर जरी पुढेमागे होत राहिली, तरी दर झोक्याला लोलकाची झेप सुमारे दीड मिलिमीटरने वाढते. हवेचा अडथळा सोडून दिला तर वीस सेकंदांत ती तीन सेंटिमीटर होते. अर्धा मिलिमीटर म्हणजे पातळ पुठ्ठ्याची जाडी. हवेत धरलेला हात मुळातच त्याहून जास्त थरथरत असतो. त्या थरथरीतला तालात बसणारा भाग तेवढा लोलक उचलतो आणि बाकीचा सोडून देतो. आणि ताल सांभाळायला डोळे असतातच: झोका दिसतो, मनातली दिशा ठाऊक असते, हात तेवढ्यापुरता जुळवून घेतो.

हे सगळं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल याने १८१२ च्या सुमारास स्वतःवर तपासलं आणि १८३३ मध्ये आपला मित्र अँपिअर याला लिहिलेल्या जाहीर पत्रात मांडलं. त्या काळी पाऱ्यावर लोखंडी कडं दोऱ्याने धरलं की ते झुलतं, असा समज होता. शेव्रलने धरून पाहिलं, तर कडं खरंच झुललं. पारा आणि कडं यांच्यामध्ये काचेची तबकडी सरकवली, तर ते मंदावलं आणि थांबलं. इथे थांबला असता तर काच पाऱ्याची शक्ती अडवते असा शोध त्याच्या नावावर लागला असता. पण त्याने पुढे दोन गोष्टी केल्या. पहिल्यांदा हाताखाली लाकडी आधार ठेवला आणि तो खांद्यापासून बोटांकडे सरकवत नेला. आधार बोटांच्या जितका जवळ आला, तितका झोका लहान झाला, आणि बोटंच टेकल्यावर बंद झाला. मग त्याने डोळे बांधून घेतले आणि मदतनिसाला सांगितलं की काच कधी सरकवायची, कधी काढायची, ते मला कळू देऊ नको. आता काचेचा काहीही परिणाम होईना. काचेने पाऱ्याला अडवलं नव्हतं. काच दिसल्यावर आता हे थांबणार, हा विचार शेव्रलच्या मनात आला होता आणि हातापर्यंत पोहोचला होता.

मला हा प्रयोग या विषयातला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यात फसवणारा कुणी नाही. प्रयोग करणारा, फसणारा आणि फसणं शोधून काढणारा एकच माणूस आहे. पुढची दोनशे वर्षं लोकांनी जे केलं ते या दोन पावलांचीच वेगवेगळी रूपं आहेत: हाताला आधार द्या आणि डोळ्यांना कळू देऊ नका. तुमच्या कागदावरही हे करता येतं. डोळे बांधा आणि कुणाला तरी कागद हळूच काटकोनात फिरवायला सांगा. लोलक कागदावरच्या रेषेबरोबर वळत नाही, तुमच्या मनातल्या जुन्या रेषेवरच झुलत राहतो किंवा मंदावतो.

काडी आणि नारळ यांत ताल नसतो, तिथे तोल असतो. दुबेळकी काडी मुठी वर करून, दोन्ही फांद्या बाहेर ताणून धरतात. त्या ताणात ती वाकलेल्या कमानीसारखी असते, आणि मनगट किंचित आत वळलं की ताण सुटून टोक जोरात खाली येतं. हा जोर इतका असतो की मूठ घट्ट आवळली तर हातातल्या काडीची साल सोलून निघते. पाणाडी हे अभिमानाने दाखवतो, आणि त्यात खोटं काही नाही. फक्त तो जोर पाण्याचा नसून ताणलेल्या लाकडाचा असतो. नारळाचं तसंच. गोल वस्तू तळहातावर आडवी ठेवली की तिचा तोल बोटांच्या उंचीवर अवलंबून असतो. लांबवलेला हात चालता चालता दमतो, बोटं थोडी वर येतात, आणि नारळ शेंडीवर उभा राहू लागतो. लोलक, काडी, नारळ या वस्तू शेकडो वर्षांत अशा निवडल्या गेल्या आहेत की लहानात लहान हालचाल त्यांच्यात मोठी होऊन दिसावी. टेबलावर ठेवलेली वीट घेऊन कुणी पाणी शोधत नाही.

मग प्रश्न उरतो की स्वतःची हालचाल स्वतःला कळत कशी नाही. १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने यासाठी आयडिओमोटर, म्हणजे कल्पनेने घडणारी हालचाल, हा शब्द काढला. त्याचं म्हणणं असं की हालचालीची कल्पना मनात आली की स्नायू तिच्या तयारीला लागतात, आणि ती करायची असा निश्चय मध्ये यावाच लागतो असं नाही. कुस्तीचं मैदान पाहणाऱ्याचे खांदे पैलवानाबरोबर हलतात, तेव्हा तो काही डाव टाकायचं ठरवत नसतो. आजच्या अभ्यासकांनी यात एक भर घातली आहे. आपण एखादी गोष्ट केली असं वाटायला मेंदूला दोन गोष्टी जुळाव्या लागतात: आधी आलेला हेतू आणि मग दिसलेला परिणाम. हेतू जाणवला नाही, स्नायूंची हालचाल फार बारीक असली आणि परिणाम मात्र मोठा दिसला, तर मेंदू त्या परिणामाचा धनी बाहेर शोधतो. कधी तो पाणी असतो, कधी आत्मा.

मुद्दाम न हलवायचा निश्चय उपयोगी पडत नाही, हेही तपासलं गेलं आहे. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये लोकांना सांगितलं की लोलक अमुक दिशेला अजिबात हलू द्यायचा नाही. तो त्याच दिशेला जास्त हलला, आणि त्याच वेळी मनाला दुसरं काही काम लावलं तर आणखी हलला. ‘मी तर तो रोखत होतो’ असं कुणी सांगतं तेव्हा ते खरं असतं, आणि हलण्याचं कारणही बहुधा तेच असतं.

आता प्लँचेट. आपल्याकडच्या वसतिगृहांत आणि सुट्टीत जमलेल्या भावंडांत हा खेळ अजून टिकून आहे. कागदावर अक्षरं, आकडे, ‘हो’ आणि ‘नाही’, मधे उलटी वाटी किंवा नाणं, आणि त्यावर तीन-चार जणांचं एकेक बोट. वाटी सरकू लागली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयाने पाहतो. इथे बारीक हालचालींत आणखी एक गोष्ट मिसळते: जोर वाटला जातो. वाटी आपल्या बोटाला ओढते असं प्रत्येकाला वाटतं, कारण बाकीच्यांची बोटं तिला ढकलतच असतात, आणि आपलं बोट तिच्यामागे जाता जाता तिला पुढेही नेत असतं.

याची पहिली नीट तपासणी मायकेल फॅरेडेने १८५३ मध्ये केली. तेव्हा युरोपात टेबल फिरवण्याचं वेड होतं: लोक टेबलावर हात टेकून बसत आणि टेबल सरकू लागे. फॅरेडेने टेबल आणि हात यांच्यामध्ये पुठ्ठ्यांची चवड ठेवली. पुठ्ठे मऊ, चिकट लुकणाने एकमेकांना असे जोडले होते की जोर लागला तर ते घसरावेत आणि घसरलेले तसेच राहावेत. टेबल स्वतः हलत असतं तर खालचा पुठ्ठा पुढे गेला असता आणि हात मागे राहिले असते. प्रत्यक्षात वरचे पुठ्ठे पुढे गेलेले सापडले, म्हणजे हात आधी सरकले होते. मग त्याने एक हलकी काडी अशी बसवली की हात जरा बाजूला गेले की ती झुकावी. काडी झाकलेली असली की टेबल हले. काडी समोर दिसू लागली की तेच लोक, तितक्याच मनापासून बसूनही, टेबल हलवू शकेनात. स्वतःची हालचाल डोळ्यांना दिसली की ती थांबते, हे फॅरेडेने शेव्रलच्या उलट बाजूने सिद्ध केलं.

डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्लँचेटच्या पाटावर विश्वास ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांना नजर टिपणारं यंत्र लावलं होतं. जोडीतल्या एकेकाची नजर पाहिली तर पुढचं अक्षर कोणतं येणार, हे त्याला फारसं आधी कळत नव्हतं. दोघांची नजर एकत्र धरली तर मात्र दोघांपैकी कुणीतरी वाटी पोहोचण्याआधीच त्या अक्षराकडे पाहत होतं. पहिली दोन अक्षरं योगायोगाने येतात, मग कुणाच्या तरी मनात शब्द तयार होतो, आणि पुढचं अक्षर त्याच्याकडून येतं. शब्द कुणा एकाचा नसतो, म्हणून तो कुणाचाच वाटत नाही.

एकट्याच्या हातून होणारं स्वयंलेखन याहून जास्त पकड घेतं, कारण तिथे वाक्यं येतात, कधी कविता येतात. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९२९ मध्ये शांतिनिकेतनात एका तरुण माध्यम-स्त्रीच्या हातून आपल्या गेलेल्या माणसांशी असं बोलणं केलं होतं. ज्याने मुलं, पत्नी, वहिनी गमावली, त्या माणसाच्या या धडपडीकडे मी हसून पाहू शकत नाही. पण लिहिणारा हात सराव करून जाणिवेबाहेर जाऊ शकतो, हे त्याआधीच दिसलं होतं. १८९६ मध्ये हार्वर्डच्या प्रयोगशाळेत लिओन सॉलोमन्स आणि पुढे लेखिका म्हणून गाजलेली गर्ट्रूड स्टाइन यांनी स्वतःवरच प्रयोग केले: गोष्ट मोठ्याने वाचायची आणि हात लिहीत राहू द्यायचा. पुरेसा सराव झाल्यावर हात शब्द लिहून जाई आणि लिहिल्याचं मागाहून कळे. त्यात परकं असं काही नव्हतं, हात त्यांचेच आणि भाषाही त्यांचीच.

या सगळ्यात एक निष्कर्ष असा आहे, ज्याकडे या विषयावर टीका करणाऱ्यांनीही जास्त लक्ष द्यायला हवं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१२ मध्ये लोकांना सामान्यज्ञानाचे हो-नाही प्रश्न विचारले, एकदा तोंडी आणि एकदा पाटावर. पाटावर डोळे बांधलेले होते. जोडीदारही हात लावून आहे असं त्यांना सांगितलं होतं, पण जोडीदाराने हळूच हात काढून घेतला होता. ज्या प्रश्नांची उत्तरं आपण नुसती अंदाजाने देतो आहोत असं त्यांना वाटत होतं, त्यांत तोंडी उत्तरं निम्मी बरोबर आली. पाटावर ६५ टक्के आली. म्हणजे कधी तरी वाचलेलं, ऐकलेलं, आणि आपल्याला ठाऊक आहे हेच ठाऊक नसलेलं काही हातातून बाहेर येऊ शकतं. बाहेरची माहिती मात्र येत नाही. मर्यादा अगदी स्पष्ट आहे: जे कुणाच्याच डोक्यात नाही, ते वाटी सांगत नाही.

ही मर्यादा विसरली की काय होतं, याचं सगळ्यात दुखरं उदाहरण आत्म्यांच्या क्षेत्रातलं नाही. १९९० च्या आसपास बोलू न शकणाऱ्या, स्वमग्न मुलांचा हात धरून त्यांना कळफलकावर टंकायला मदत करण्याची पद्धत अमेरिकेत पसरली. मुलं अचानक सुंदर वाक्यं लिहू लागली, आईवडिलांना वाटलं मूल सापडलं. काही मुलांनी घरच्यांवर अत्याचाराचे आरोप ‘लिहिले’ आणि कुटुंबं मोडली. मग तपासणी झाली: मुलाला एक चित्र दाखवलं आणि हात धरणाऱ्याला दुसरं. लिहिलं गेलं ते दर वेळी हात धरणाऱ्याने पाहिलेलं. मदतनीस प्रेमळ आणि प्रामाणिक होते, आणि आपणच लिहितो आहोत याचा त्यांना पत्ता नव्हता. यातल्या काहींना हे कळल्यावर फार मोठा धक्का बसला.

आता पुन्हा रानात येऊ. लोलक आणि नारळ आपण हलवतो हे सिद्ध झालं, तरी पाणाडी म्हणू शकतो की ठीक, हात माझाच हलतो, पण पाणी असल्याचं मला आतून कळतं म्हणून हलतो. कॅनडाच्या निष्कर्षानंतर हा दावा फेटाळण्याआधी तपासावाच लागेल. तपासणी झालीही आहे. जर्मनीत कासेल इथे १९९० मध्ये तीस पाणाड्यांना जमिनीत अर्धा मीटर खोल पुरलेल्या नळावर उभं केलं. पाणी वाहतं आहे की थांबलं आहे, एवढंच सांगायचं होतं. अटी आधी त्यांना मान्य होत्या आणि यशाची खात्रीही त्यांनी दिली होती. उत्तरं नाणं उडवून यावीत तशी आली. त्याआधी म्युनिकजवळ दोन मजली कोठारात खालच्या मजल्यावर नळ सरकवून वर पाणाड्यांना चालवलं होतं. शेकडो उमेदवारांतून ४३ जण निवडले, ८४३ चाचण्या झाल्या. संशोधकांना काही जण विलक्षण वाटले, पण एन्राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा एका फेरीत चमकलेले दुसऱ्या फेरीत चुकलेले निघाले.

‘जमिनीखाली सगळीकडेच पाणी असतं, म्हणून पाणाडी यशस्वी होतो’ हे परदेशी उत्तर मात्र आपल्याकडे जसंच्या तसं लावू नये. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत ते बरंचसं खरं आहे. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग बसाल्टचा आहे. वर माती आणि मुरूम, त्याखाली कुजका, सच्छिद्र खडक, मग काळा पाषाण. पाणी मुरमात, खडकाच्या थरांमधल्या सांध्यांत आणि भेगांत असतं. त्यामुळे एका बोअरला पाणी लागतं आणि पन्नास फुटांवरची कोरडी जाते, हे खरंच घडतं. म्हणजे इथे जागा निवडण्याला अर्थ आहे, आणि अनुभवी माणूस ती बरी निवडूही शकतो. ओढ्याचं वळण, उताराचा सखल भाग, उन्हाळ्यात हिरवी राहिलेली झाडी, शेजारच्या विहिरीला लागलेला थर हे सगळं त्याला दिसतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतला दकार्गल अध्याय याच खुणांचा आहे: झाडं, वारुळं, माती, दगड. खुणा रानात पाहिल्या आणि नारळ त्यानंतर उभा राहिला, तर यशाचं श्रेय नारळाला द्यायचं कारण नाही.

दोन्ही वेगळं करणं अवघड नाही, आणि गावात करता येतं. पाणाड्याला रान नेहमीसारखं चालून जागा दाखवू द्या, खुणेला जमिनीलगत छोटे दगड ठेवा. मग डोळे बांधून, वेगळ्या टोकापासून, वाकड्यातिकड्या वाटेने त्याला पुन्हा फिरवा. नेणाऱ्या माणसालाही दगड कुठे आहेत हे माहीत नसावं, नाहीतर त्याच्या पावलांची गती सांगून जाते. नारळ पुन्हा त्याच जागांवर उभा राहिला तर त्याला रानातलं काही कळतं असं म्हणायला आधार मिळेल. हे नको असेल तर पाच झाकणबंद बादल्या घ्या, एकीत पाणी, बाकीच्यांत तितक्याच वजनाची वाळू, आणि दर वेळी चिठ्ठी काढून जागा बदला. वीस फेऱ्यांत नुसत्या नशिबानेही चार बरोबर यायला हव्यात, पाच-सहाने काही सिद्ध होत नाही. नऊ किंवा जास्त आल्या तर ती गोष्ट शंभरात एखाद्या वेळीच नशिबाने घडते, आणि मग दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा करून पाहावं. अटी आधी लिहून, सही घेऊन ठेवाव्यात. कारण फेल गेल्यावर ‘बादली प्लास्टिकची होती’, ‘कुणाचा तरी विश्वास नव्हता’ ही कारणं हमखास येतात, आणि ती आधी कधीच आलेली नसतात.

आणि बोअर खरंच मारायची असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय कोल्हापुरातच आहे. भूगर्भतज्ज्ञ जमिनीत वीज सोडून थरांचा विद्युत रोध मोजतो आणि भेगांचा, कुजक्या खडकाचा अंदाज देतो. तोही चुकतो, बसाल्टमध्ये तर बऱ्यापैकी चुकतो. पण त्याचं यंत्र शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, आणि आकडे कागदावर राहतात, म्हणून तो कुठे आणि किती चुकला हे पुढच्या उन्हाळ्यात पडताळता येतं. पाणाड्याच्या कोरड्या गेलेल्या खुंट्या गावात कुणी लिहून ठेवत नाही. त्या लिहायला सुरुवात करायला एक वही पुरते: तारीख, गट नंबर, सांगितलेले फूट आणि इंच, आणि समोर प्रत्यक्षात लागलेलं पाणी.